आतेच्या कार्डावर 'पो' कुठे लिहायचा?

प्रेषक: प्रज्ञा

नमस्कार मंडळी,

परवा रात्रपाळीत आमच्या वॉर्डमधल्या एका फिलिपिनो सिनियर नर्सचा वाढदिवस आहे. त्यांना 59 पूर्ण होतील. मी सांगलीहून इथे आले तेव्हा पहिले तीन महिने त्यांच्या हाताखाली होते. पेशंटकडे नुसतं बघून तब्येत बिघडतेय हे कसं ओळखायचं, ते मी त्यांच्याकडून शिकले. वॉर्डमधल्या सगळ्या फिलिपिनो मुली त्यांना 'आते' म्हणतात, म्हणून मीही म्हणते. (आपली आते नाही, त्यांच्याकडे आते म्हणजे मोठी ताई.)

कार्डावर टागालोगमध्ये दोन-तीन ओळी लिहाव्यात अशी फार इच्छा आहे. इकडून तिकडून ऐकून हे जमवलंय:

मालिगायांग काआरावान ओपो, आते. कुमुस्ता का पो? सालामात पो सा लाहात पो.

म्हणजे 'वाढदिवसाच्या शुभेच्छा, कशा आहात, सगळ्यासाठी आभार'. त्या मुली मोठ्यांशी बोलताना सारखं 'पो' आणि 'ओपो' म्हणतात. दोन्ही आदराचे शब्द आहेत एवढंच मला माहीत आहे. कुठला कुठे वापरायचा? वॉर्डमधल्या कुणाला विचारलं तर आतेला आधीच कळेल, म्हणून इथे विचारते.

प्रज्ञा

---

प्रेषक: सुहास

प्रज्ञा, आमच्या टीममध्ये चार फिलिपिनो आहेत, त्यामुळे थोडंफार कानावर आहे. 'पो' म्हणजे आपला 'जी'. 'ओपो' म्हणजे त्याहून वरचा आदर. तुमच्या आते वयाने बऱ्याच मोठ्या आहेत, तेव्हा 'ओपो' बरोबरच वाटतं. आणि 'पो' जितके जास्त तितकं चांगलं, कमी करू नका.

एक मात्र बदला. 'कुमुस्ता का' मधला 'का' म्हणजे तू. मोठ्यांना 'कायो' म्हणतात, ते आपलं 'तुम्ही'. म्हणून 'कुमुस्ता पो कायो'.

सुहास

---

प्रेषक: विद्याधर

प्रज्ञा,

सुहासने 'कायो' अगदी बरोबर सांगितलं, पण 'ओपो' कार्डावर जाऊ देऊ नकोस. माझी बायको बातांगासची आहे. लग्नानंतर पहिल्या वर्षी मी सासूबाईंना फोनवर हेच 'मालिगायांग काआरावान ओपो' म्हणालो होतो. त्या बराच वेळ गप्प होत्या, मग बायकोला म्हणाल्या, 'हा कशाला हो म्हणतोय?'

'ओपो' हा आदराचा वरचा दर्जा नाही. टागालोगमध्ये 'हो' ला 'ओओ' म्हणतात, त्याला 'पो' जोडला की 'ओपो'. त्याचा अर्थ 'होय जी' एवढाच. कुणी काही विचारलं आणि उत्तर होकारार्थी असलं, तरच तो येतो. शुभेच्छेत कुणी काही विचारलेलं नाही, म्हणून तिथे नुसता 'पो'. नकार द्यायचा तर 'हिंदी पो'. त्यात 'ओपो' घुसवायचा नाही.

'पो'ची जागा ओळखायला मला मराठीनेच मदत केली. आपण मित्राला 'काय रे' म्हणतो, मैत्रिणीला 'काय गं', आणि मोठ्या माणसाला 'काय हो'. त्या 'हो'ला स्वतःचा अर्थ नाही. समोरच्याचा मान ठेवून बोलतोय एवढंच तो सांगतो, आणि वाक्याच्या सुरुवातीला येत नाही, आधीच्या शब्दाला टेकून उभा राहतो. 'पो'चं तसंच आहे. वाक्यातला पहिला शब्द किंवा पहिला छोटा शब्दगट झाला की लगेच 'पो'. मारामिंग सालामात पो. मागांदांग उमागा पो, म्हणजे सुप्रभात. तसंच मालिगायांग काआरावान पो. बातांगासकडे तर 'पो'च्या जागी 'हो' आणि 'ओपो'च्या जागी 'ओहो' सर्रास ऐकू येतं. सासरी पहिल्यांदा गेलो तेव्हा अंगणात सगळे 'हो, हो' करत होते आणि मला क्षणभर घरी आल्यासारखं वाटलं. हा निव्वळ योगायोग, आणि फसवा. त्यांचा 'हो' होकार देत नाही.

एका वाक्याला एक 'पो' पुरतो. 'सालामात पो सा लाहात पो' मधला दुसरा काढून टाक. त्यामुळे आदर कमी होत नाही. तू 'अहो काकू, बसा हो, चहा घ्या हो, बिस्किट पण घ्या हो' असं कार्डावर लिहिशील का?

आणि नुसता 'पो' लावून भागत नाही, सर्वनामही बदलावं लागतं. 'का' चं 'कायो', आणि 'तू केलेलं' म्हणताना जिथे 'मो' येतो तिथे 'निन्यो'. 'कुमुस्ता का पो' म्हणजे 'अहो, तू कशी आहेस'. सासूबाईंच्या कानाला ते तसंच खटकतं.

मी लिहिलं असतं ते असं:

```
Maligayang kaarawan po, Ate!
Maraming salamat po sa lahat ng itinuro ninyo sa akin.
Pagpalain po kayo ng Diyos.
```

दुसऱ्या ओळीत 'तुम्ही मला जे जे शिकवलंत त्या सगळ्याबद्दल खूप आभार', तिसरीत 'देव तुमचं भलं करो'. 'सगळ्यासाठी आभार' पेक्षा 'शिकवलंत' असू दे, कारण खरं तेच आहे. 'कुमुस्ता' मी काढलं. रोज भेटणाऱ्या माणसाला कार्डावर 'कशा आहात' कशाला?

मोठ्याने वाचणार असशील तर दोन गोष्टी. ng हा सुटा शब्द 'नांग' असा वाचायचा. आणि 'पो' लांबवायचा नाही, शेवटी घशात श्वास एकदम तोडायचा. त, द आपल्यासारखेच, दाताला जीभ लावून. इंग्रजी ट, ड आणू नकोस. तिथे आपल्याला आयतं यश आहे.

विद्याधर

---

प्रेषक: शोभा

मी 11 वर्षं रियाधला नर्स होते, म्हणून माझंही सांगते. माझ्यासोबत एक फिलिपिनो सिस्टर होती, माझ्याच वयाची, फार तर वर्षभराने मोठी. मी आदर दाखवायला तिला रोज 'पो' म्हणायचे. एक दिवस ती उदास होऊन म्हणाली, मी तुला इतकी म्हातारी दिसते का? नंतर कळलं, बरोबरीच्या मैत्रिणीला 'पो' म्हटलं की तिला परकं केल्यासारखं होतं, शिवाय वयाची आठवण करून दिल्यासारखं. आपल्याकडे वर्गमैत्रिणीला एकदम 'अहो' म्हणावं तसं.

म्हणून प्रज्ञा, मला वाटतं 'पो' लावूच नकोस. उगाच मन दुखायचं.

शोभा

---

प्रेषक: विद्याधर

शोभाताई, तुमचा अनुभव खरा आहे, पण तो बरोबरीच्या वयाचा. इथे तीसेक वर्षांचं अंतर आहे, आणि वॉर्डमधल्या मुली त्यांना 'पो' म्हणतातच. प्रज्ञाने एकटीनेच गाळला तर तेच डोळ्यात येईल. उलट दिशेने मात्र 'पो' येणार नाही. आते तिला नुसतं 'सालामात' म्हणतील, त्यात तुटकपणा नाही.

तुमच्यामुळे आणखी एक आठवलं. 'पो' ज्याच्याशी बोलतोय त्याच्यासाठी असतो, ज्याच्याविषयी बोलतोय त्याच्यासाठी नाही. आपण मैत्रिणीला सांगतानाही 'काकू आल्या' म्हणतो, आदर काकूंचा. टागालोगमध्ये प्रज्ञाने बरोबरीच्या मुलीला 'आज आतेचा वाढदिवस आहे' सांगितलं, तर 'काआरावान नि आते न्गायोन', त्यात 'पो' नाही. तेच वयस्कर माणसाला सांगितलं तर 'काआरावान पो नि आते न्गायोन'. वाढदिवस त्याच आतेचा, 'पो' ऐकणाऱ्याचा. मला हे अंगवळणी पडायला दोन वर्षं लागली.

विद्याधर

---

प्रेषक: सुहास

'ओपो'बद्दल चूक मान्य. पण 'का पो' चुकीचंच आहे का? आमच्या टीममधला मुलगा 26 वर्षांचा आहे. तो फोनवर ग्राहकांशी 'इकाव पो' सर्रास म्हणतो, म्हणजे 'तू' अधिक 'पो'. विचारलं तर म्हणाला, सगळे म्हणतात.

सुहास

---

प्रेषक: विद्याधर

म्हणतात खरं. माझी भाचीही म्हणते. सासूबाई दर वेळी टोकतात आणि ती दर वेळी पुन्हा म्हणते. मी त्यात पडत नाही. 59 वर्षांच्या बाईंच्या कार्डावर मात्र मी 'कायो'च लिहीन.

---

प्रेषक: शैलजा

माझी शेजारीण सेबूची आहे. ती सांगते, त्यांच्या सेबुआनो भाषेत 'पो' नाहीच. मोठ्यांशी बोलताना आवाज आणि नाती यांनीच आदर दाखवायचा. फिलिपिन्सचे सगळे टागालोगच बोलतात असं मीही समजत होते, आणि एकदा तिला 'पो' म्हटलं तेव्हा तिने हसून सांगितलं की ती ते शाळेत शिकली. प्रज्ञा, तुझ्या आते मूळच्या कुठल्या, ते आधी बघशील का?

आणि वाढदिवसाला त्यांच्याकडे पान्सित करतात, आपल्या शेवयांसारख्या लांब नूडल्स. दीर्घायुष्यासाठी असतात, म्हणून तोडत नाहीत. कुणी आणल्या तर वाढताना कापू नकोस.

शैलजा

---

प्रेषक: प्रज्ञा

सगळ्यांना मनापासून धन्यवाद.

विद्याधरकाकांच्या तिन्ही ओळी तशाच लिहिल्या. हँडओव्हर झाल्यावर ब्रेक रूममध्ये कार्ड दिलं. आतेने दुसरी ओळ दोनदा वाचली, 'इतिनुरो' वर बोट ठेवलं आणि कार्ड ट्यूनिकच्या खिशात ठेवलं. मग त्यांनी विचारलं, 'कुमाइन का ना बा?' म्हणजे जेवलीस का? हा प्रश्न मी रोज ऐकते, म्हणून उत्तर पाठ करून गेले होते. 'ओपो, कुमाइन ना पो आको.' खरं तर जेवले नव्हते, 'हिंदी पा पो' म्हणायला हवं होतं, अजून नाही. पण होकाराचंच वाक्य पाठ होतं. पान्सितची ताटली समोर आली आणि ती मी पुन्हा जेवले.

शैलजाताई, तुमचा प्रश्न मी आधी विचारायला हवा होता. आते इलोइलोच्या निघाल्या. त्यांच्या घरची भाषा हिलिगायनोन, आणि त्यांच्याकडेही 'पो' नाही. पण नर्सिंगनंतर बरीच वर्षं त्या मनिलाच्या हॉस्पिटलात होत्या, म्हणून 'पो' तोंडात बसलाय. म्हणाल्या, टागालोग शुद्ध लिहिलंयस, आवडलं, पण माझी आई मला असं कधी म्हणाली नसती.

पुढच्या वर्षी त्या 60 च्या होतील. यादीवर कुणाच्या ओळखीत इलोइलोकडचं कुणी आहे का? हिलिगायनोनमध्ये मोठ्या ताईला काय म्हणतात, आणि 'पो' नसताना तिथला आदर वाक्यात कुठे बसतो, हे मला त्यांच्याच माणसाकडून शिकायचंय.

प्रज्ञा