'हंगेरियन पद्धत' आणि 'तोट्याचं कोष्टक': नेमका अर्थ काय?

रेवती_वाणिज्य: बारावीच्या गणितात चालकांना मार्ग वाटून देताना 'हंगेरियन पद्धत' येते. हे नाव कशामुळे पडलं? आणि नफा वाढवायचा असताना 'तोट्याचं कोष्टक' का करतात?

पंतोजी: पद्धत हंगेरीत शोधली, म्हणून ते नाव.

देशमुखकाका: अर्धं बरोबर. पद्धत मांडली अमेरिकेच्या हॅरॉल्ड कून यांनी, १९५५ मध्ये. पण आधार होता कोनिग आणि एगरवारी या हंगेरियन गणितज्ञांच्या १९३१ च्या कामाचा, म्हणून कून यांनीच हे नाव दिलं. शून्यं झाकायला कमीत कमी रेषा किती लागतात हे आपण मोजतो ना, ते कोनिगमुळेच. जितक्या रेषा, तितकीच शून्यं एकमेकांच्या ओळी-स्तंभात न येता निवडता येतात.

उदाहरण बघा. खर्च शेकडा रुपयांत, मार्ग १, २, ३:

```
अ  7  4  9
ब  5  6  8
क  4  3 10
```

प्रत्येक ओळीतून तिचा लहानात लहान आकडा वजा केला, मग स्तंभांचंही तसंच केलं, की उरतं ३ ० २, ० १ ०, १ ० ४. इथे ब ची ओळ आणि दुसरा स्तंभ, अशा दोनच रेषांत सगळी शून्यं झाकली जातात. चालक तीन, म्हणून अजून नेमणूक होत नाही. न झाकलेल्यांत सर्वात लहान १. तो न झाकलेल्या आकड्यांतून वजा करायचा आणि रेषा छेदतात तिथे मिळवायचा. आता अ ला २, ब ला ३, क ला १. एकूण ४ + ८ + ४ = १६.

पंतोजी: ब ला त्याचा सर्वात महाग मार्ग? आधी स्वस्त जोड्या उचलल्या तर?

देशमुखकाका: क ला २, ब ला १, मग अ ला नाइलाजाने ३. बेरीज १७. एकेकाचं स्वस्त बघितलं की शेवटच्याच्या वाट्याला महाग येतं.

आता हेच आकडे नफा समजा. सर्वात मोठा १०, त्यातून प्रत्येक आकडा वजा करा: ३ ६ १, ५ ४ २, ६ ७ ०. हे तोट्याचं कोष्टक, आणि पुढे नेहमीची रीत. अ-१, ब-२, क-३. नफा मात्र मूळ कोष्टकातूनच वाचा: ७ + ६ + १० = २३. नव्या कोष्टकातली बेरीज ७ येते आणि पुष्कळ जण तीच उत्तर म्हणून लिहितात.

रेवती_वाणिज्य: म्हणजे 'तोटा' हा खिशातून गेलेला पैसा नाही, हुकलेला नफा?

पंतोजी: पण १० फक्त क ला मिळू शकतो. अ चे कुठे हुकले?

देशमुखकाका: रास्त शंका. ओळीच्या स्वतःच्या मोठ्यात मोठ्या आकड्यातून वजा केलं तरी नेमणूक तीच येते, आणि 'हुकलेला' तिथेच खरा शोभतो.

शाळाव्हॅन_संगीता: आमच्याकडे पाच चालक, चार मार्ग. शिवाय एकाकडे मोठ्या बसचं लायसन्स नाही.

देशमुखकाका: ताई, पाचवा मार्ग शून्यांचा घाला; तो ज्याला मिळेल त्याला सुट्टी. लायसन्स नाही तिथे प्रचंड मोठा खर्च लिहा. पण आकडे नफ्याचे असतील तर तो आधी लिहू नका, वजाबाकी झाल्यावरच लिहा. नाहीतर तीच नेमणूक सर्वात फायद्याची ठरेल.

शाळाव्हॅन_संगीता: आणि रोज एकाच माणसाला लांबचा मार्ग आला तर?

देशमुखकाका: ते ही पद्धत बघत नाही. तिला फक्त बेरीज कळते.

रेवती_वाणिज्य: मला 'हुकलेल्या नफ्याचं कोष्टक' जास्त पटतं.

पंतोजी: १० मधून वजा केलेल्याला मी ते म्हणणार नाही.