अनुभव धागा: एकटे राहणारे आईबाबा आणि चालू राहिलेला गॅस

खानापूरची लेक
काल इथं पुण्यात शेजारी दूध करपलं आणि त्या वासानं दोन वर्षांपूर्वीचा श्रावण आठवला. आई खानापुरात एकटी, वय 78. आम्ही येणार म्हणून कुंद्यासाठी दोन लिटर दूध आटवत ठेवलं, मागच्या दारी कुणी हाक मारली म्हणून गेली, ती गोठ्याशी बोलत बसली. आम्ही पोचलो तेव्हा घरभर धूर, पातेल्याचा बूड काळा आणि आई म्हणत होती, "मी बंद केला होता गं." ते वाक्य ऐकून पोटात गोळा आला. तुमच्या घरी काय उपाय चालले ते लिहा.

निपाणीची सून
सासूबाई तशाच. मी ते गॅसचा वास आला की ओरडणारं यंत्र आणून वर, चिमणीपाशी लावलं. आता निर्धास्त.

जुना मेकॅनिक, वडगाव
ताई, सिलिंडरचा गॅस असेल तर ते आधी खाली घ्या. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साठतो. फरशीपासून फूटभर उंचीवर, शेगडीपासून थोडं लांब. वर लावायचं ते पाइपलाइनच्या गॅसला, तो हलका.
आणि खानापूरच्या ताईंच्या घरी हे यंत्र ओरडलंच नसतं. तिथं गॅस गळला नव्हता, जळत होता. विसरण्याचे दोन प्रकार असतात. दूध उतू जाऊन ज्योत विझते आणि गॅस सुटत राहतो, हा एक. भांडं आटून करपतं, हा दुसरा. पहिल्याला ज्योत विझली की गॅस आपोआप तोडणारी शेगडी चालते. पेटवल्यावर बटण चार-पाच सेकंद दाबून धरावं लागतं, नाहीतर विझते. म्हातारी माणसं कंटाळून "बिघडली" म्हणतात, तेव्हा आठ दिवस जवळ बसून सवय लावा. पण करपण्याला ती शेगडी काही करत नाही.

खानापूरची लेक
मग करपण्याला काय?

जुना मेकॅनिक, वडगाव
पाइपमध्ये बसणारा किल्लीचा टायमर. वीस मिनिटं फिरवली की तेवढ्यात गॅस बंद. एक धोका मात्र लक्षात ठेवा. टायमर संपला तरी शेगडीचं बटण उघडंच राहतं. आईनं नंतर परत किल्ली फिरवली की न पेटलेला गॅस बाहेर. म्हणून टायमर लावायचा तर ज्योत विझल्यावर तोडणाऱ्या शेगडीसोबतच. एकट्या टायमरवर मी कुणाला बसवून देत नाही.

टिळकवाडी
आमच्यात बाबांना चहापुरतं इंडक्शन दिलंय. दहा मिनिटांचं लावलं की आपलं आपण बंद. पण आमच्या अॅल्युमिनियमच्या पातेल्याला ओळखतच नाही, दोन स्टीलची घ्यावी लागली. आणि पावसात करंट गेला की बाबा परत गॅसकडेच.

चिकोडीचा
आमच्या आजीला इंडक्शनवर भाकरी कशी करूलालीस विचारलं तर रागावली. तव्यावरची भाकरी शेवटी विस्तवावर फुगवायची असते. कुणाचा उपाय आहे का त्यावर?

निपाणीची सून
यंत्र खाली घेतलं, धन्यवाद काका. काल अगरबत्तीजवळ लावलं तर ओरडलं, तेव्हा जागा परत बदलली.

अनगोळची मावशी
मी स्वतः 71 ची, एकटी. मी शेगडी पेटवली की पळी हातात धरूनच बाहेर जाते. दार उघडायला गेले तरी पळी हातात, म्हणजे आठवतं. रात्री रेग्युलेटर बंद केला की उंबऱ्याजवळच्या खिळ्यावर तुळशीची जुनी माळ अडकवते. माळ दिसली नाही तर परत आत जाऊन बघते.

टिळकवाडी
मावशी, पळीचं आजच बाबांना सांगते.

चिकोडीचा
गॅसचा वास आलाच तर दिवा लावू नका, चालू असला तर बंदही करू नका. दारं उघडा, रेग्युलेटर बंद, बाहेर येऊन 1906 ला फोन. आजीच्या फोनवर तो नंबर पहिला टाकलाय. पण तिला आता वासच येत नाही, म्हणून यंत्र घ्यावं लागलं.

खानापूरची लेक
माझ्या आईचंही तेच असेल का? धूर झाला तरी तिला कळलं नाही. या रविवारी जाते, डोळे मिटायला सांगून लसूण, वेलदोडे हुंगायला देऊन बघते. आणि शेगडी काकांनी सांगितली तीच.

अनगोळची मावशी
जाताना कुंदा आण गं, आटवायला आम्ही बसू.