मदत हवी आहे: वाचतात सगळे, पण ना कमेंट ना क्लिक

परसू
दीड वर्ष लिहितोय. लोक वाचतात, मला दिसतं ते. पण खाली कमेंट म्हणाल तर वहिनीचा अंगठा, आणि लिंकवर कोणी जातच नाही. शेवटच्या ओळीत काय लिहावं? भीक मागितल्यासारखं नको. लवकर सांगा, पुढची पोस्ट आज रात्री टाकायची आहे.

निवांत_निशा
कुठे लिहिता? कशाबद्दल? लिंक कशाची? आणि सध्या शेवटी काय लिहिता ते जसंच्या तसं द्या की. नाडी न दाखवता औषध कसं सांगणार?

परसू
फेसबुक पेज, गच्चीवरच्या बागेचं. अजून कुठलं असणार! कालची पोस्ट जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणावर होती. शेवट असा:
"पोस्ट आवडली तर लाईक, कमेंट, शेअर नक्की करा 🙏🙏 तुमचा एक शब्द आमचं बळ वाढवतो! अधिक माहितीसाठी इथे क्लिक करा."

घाटावरचा
सोप्पं आहे. "माहिती हवी असेल तर कमेंटमध्ये 'हो' लिहा" असं टाका. आमच्या मसाल्याच्या पेजवर 'हो'चा पाऊस पडतो. आणि लिंक पोस्टमध्ये नको, पहिल्या कमेंटमध्ये. फेसबुक लिंकवाली पोस्ट दाबतं म्हणतात.

ओवी७८
पिठ्यावर कडुनिंबाचं तेल मारा, लिटरभर पाण्यात ५ मिली, आणि तेल मिसळायला थोडा पातळ साबण. संध्याकाळी मारा, उन्हात पानं करपतात.

परसू
ओवीताई, तेच तर पोस्टमध्ये लिहिलंय 😀 प्रश्न तो नाही.

निवांत_निशा
घाटावरचे, 'हो' लिहा हे जरा जपून. डिसेंबर २०१७ मध्येच फेसबुकने जाहीर केलं होतं की लाईक-कमेंट-शेअर-टॅग उकळणाऱ्या पोस्ट खाली ढकलणार. सल्ला किंवा मदत मागणाऱ्या पोस्टना त्यात सूट होती. आणि 'हो' लिहिणाऱ्याशी पुढे बोलणार काय?

परसू, तुमच्या शेवटात चार मागण्या आहेत आणि चारही तुमच्यासाठी. वाचणाऱ्याच्या जास्वंदीला त्यातून काय मिळालं? एका पोस्टमध्ये एकच मागा. कमेंट हवी असेल तर असं विचारा की कुंडीजवळ उभ्या माणसाला जागेवर उत्तर देता येईल: "तुमच्याकडे पिठ्या आधी कुठे दिसला, कळीच्या देठाशी की पानामागे?" "तुमचं मत सांगा" म्हटलं की परीक्षा वाटते, माणूस पुढे सरकतो. इथे बघायचं आणि दोन शब्द लिहायचे. पहिल्या चार-पाच जणांना तुम्ही खरंच उत्तर द्या, म्हणजे सहावा लिहितो.

क्लिक हवा असेल तर "इथे क्लिक करा" काढा. पलीकडे काय आहे ते लिहा: "फवारणीचं प्रमाण आणि पुन्हा कधी मारायचं, एका पानात. फोन नंबर मागत नाही." आणि ही ओळ तळाशी नको. फवारणीचा विषय येतो तिथेच ठेवा, कारण वाचणाऱ्याला प्रमाण तेव्हा हवं असतं. तळाला पोचेपर्यंत तो बाटली शोधायला गेलेला असतो.

घाटावरचा
तुमचं म्हणणं पुस्तकी आहे. आमच्याकडे 'हो' चालतं.

निवांत_निशा
चालत असेल. त्या 'हो'वाल्यांपैकी मसाला घेतला किती जणांनी?

घाटावरचा
ते मोजलं नाही.

पोपटपंची
शुद्धलेखन बघा आधी. 'नक्की' म्हणजे हुकूमच वाटतो. आमच्या वेळी "कळवावे" लिहायचे, पोतं भरून पत्रं यायची.

परसू
निशाताई, रात्री देठ-पानामागे विचारून बघितलं. सकाळपर्यंत ११ कमेंट! एकीने तर फोटोच टाकला, कळी पांढरी कापसासारखी. पण लिंकचं तसंच. तुमची ओळ जशीच्या तशी दुसऱ्या पोस्टमध्ये टाकली होती.

निवांत_निशा
लिंक उघडते कुठे? आणि स्वतःच्या नाही, दुसऱ्या कोणाच्या फोनवर उघडून पाहिलीत का?

परसू
गूगल ड्राइव्हवरची पीडीएफ आहे. माझ्या फोनवर उघडते. थांबा, मुलीच्या फोनवर बघतो.

परसू
अरे देवा. "You need access" असं येतंय. आणि मेलमध्ये परवानगी मागणारी १४ पत्रं पडलीत, जुनी. मी त्यांना जाहिरात समजत होतो.

निवांत_निशा
म्हणजे क्लिक होत होते. शेअरमध्ये जाऊन "Anyone with the link" करा आणि त्या १४ जणांना आधी पान पाठवा.

परसू
केलं. आता एकच: एकाच पोस्टमध्ये प्रश्न आणि लिंक दोन्ही ठेवायचं झालं तर?

निवांत_निशा
मी ठेवत नाही. एक दिवस प्रश्न, दुसऱ्या दिवशी लिंक.

घाटावरचा
मी ठेवतो. लिंक कमेंटमध्ये. परत सांगतोय.

ओवी७८
त्या फोटोवालीला मुंग्या आहेत का विचारा. पिठ्याचा चिकट गोड रस खायला येतात आणि त्याच्यावर पहारा ठेवतात. मुंग्या हटल्या नाहीत तर फवारणी करूनही पिठ्या परत येऊ शकतो.

परसू
ओवीताई, हाच उद्याचा प्रश्न!