फॉरेक्स कार्ड : भरण्याचा, खर्चाचा आणि परताव्याचा दर जुळत नाही, मदत हवी आहे

निशिगंध :
जर्मनी आणि स्वित्झर्लंडच्या सहलीसाठी मी एका बँकेच्या प्रीपेड फॉरेक्स कार्डावर ९३.२० रुपये दराने १,५०० युरो भरले होते. परत आल्यावर उरलेले १८० युरो परत घेण्याचा अर्ज दिला. त्याच दराने माझ्या हिशेबाने १६,७७६ रुपये मिळायला हवे होते, परंतु खात्यात १६,०८३ रुपयेच जमा झाले. हे ६९३ रुपये कोठे गेले? दुसरी शंका अशी की, इंटरलाकेनच्या हॉटेलचे बिल २०० स्विस फ्रँक होते, त्या दिवशीच्या बाजारदराने ते सुमारे २१३.९० युरो होतात, मात्र स्टेटमेंटमध्ये २२१.३९ युरो वजा दिसतात आणि शुल्काची वेगळी ओळ कोठेच नाही.

प्रवासी पक्षी :
तुम्ही सहलीवर असताना युरो घसरला असणार. भरताना दर पक्का होतो तो फक्त खर्चापुरता. परतावा त्या दिवसाच्या दराने मिळतो. त्यात बँकेचा काही दोष नाही.

हिशेबनीस :
परतावा त्या दिवसाच्या दराने मिळतो, हे बरोबर आहे; पण त्या दिवसाचा दर एक नसतो, दोन असतात. बँक तुम्हाला युरो विकते तो दर चढा असतो आणि तुमच्याकडून विकत घेते तो उतरता. कार्ड भरताना तुम्हाला विक्रीचा दर लागला, परत करताना खरेदीचा लागला. त्यामुळे बाजार जागचा हलला नाही तरी तोटा होतोच. परताव्याच्या पावतीवर दर कोणता आहे, आणि त्याच दिवशी बँकेचा कार्ड विक्रीचा दर किती होता, हे दोन्ही आकडे कृपया द्या. विक्रीचा दर ९३.२० च्या बराच खाली असेल, तर प्रवासी पक्षी म्हणतात ते खरे; नसेल, तर सगळा फरक या दोन दरांमधील आहे.

कोथरूडचे काका :
माझ्या कार्डावर अमेरिकेहून परतल्यापासून चौदा महिने ३१० डॉलर पडून आहेत. मुलीकडे पुन्हा जायचेच आहे, मग दोन वेळा तोटा कशाला घ्यायचा? निशिगंधताई, तुम्हीही ठेवूनच द्यायला हवे होते.

निशिगंध :
पावतीवर दर ८९.६० आहे आणि खाली ४५ रुपये जीएसटी लिहिला आहे. शाखेत विचारले, तर त्या दिवशीचा विक्रीचा दर ९३.६० होता असे समजले.

हिशेबनीस :
म्हणजे युरो घसरलाच नाही, उलट थोडा वधारला. ९३.२० आणि ८९.६० यांत ३.६० रुपयांचा फरक आहे. १८० युरोंवर तो ६४८ रुपये होतो आणि त्यात ४५ मिळवले की तुमचे ६९३ रुपये नेमके जुळतात. परकीय चलनाच्या २५,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारात कराचे किमान मूल्य २५० रुपये धरतात, त्यावर १८ टक्के म्हणजे ४५. त्यामुळे अगदी थोडी रक्कम परत केली तरी हे ४५ रुपये जातातच.

फ्रँकचे कारण वेगळे आहे. कार्डात केवळ युरो होते, त्यामुळे फ्रँकचे बिल युरोत बदलावे लागले आणि त्यावर बँकेने परचलन शुल्क लावले. २१३.९० वर साडेतीन टक्के लावले की २२१.३९ येतात. अनेक बँका हे शुल्क दरातच मिसळतात, म्हणून वेगळी ओळ दिसत नाही. मूळ रकमेला वजा झालेल्या रकमेशी ताडून पाहणे, हाच ते शोधण्याचा मार्ग. जर्मनीतील युरोच्या बिलांवर मात्र असा फरक दिसता कामा नये.

काका, प्रवासातून परतल्यावर न वापरलेले परकीय चलन १८० दिवसांत परत करण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. चौदा महिने झाले असतील, तर तोट्याचा विचार बाजूला ठेवून आधी बँकेला विचारा.

कोथरूडचे काका :
हे मला कोणीच सांगितले नव्हते. सोमवारी शाखेत जातो.

निशिगंध :
आता हिशेब जुळला, आभार. मात्र तुमचे शेवटचे वाक्य वाचून मी जर्मनीतील नोंदी पुन्हा तपासल्या. म्युनिकच्या एका दुकानात ४० युरोंची खरेदी केली होती आणि वजा झाले आहेत ४३.४४ युरो! पावतीवर रक्कम ३,८४० रुपये अशी छापलेली आहे.

हिशेबनीस :
भारतीय कार्ड ओळखून यंत्राने रुपयांत पैसे घेतले. म्हणजे युरोचे रुपये तेथील दराने झाले आणि मग कार्डातून वजा करताना रुपयांचे पुन्हा युरो झाले, तेही परचलन शुल्कासह. पडद्यावर चलनाचा पर्याय येतो तेव्हा तेथील स्थानिक चलनच निवडावे लागते. तो पर्याय तुम्ही निवडला होता का?

निशिगंध :
मला कोणताही पर्याय दाखवला गेल्याचे आठवत नाही; यंत्र दुकानदाराच्याच हातात होते.

प्रवासी पक्षी :
तसे असेल तर तक्रार करून पाहा, निवड ग्राहकाचीच असायला हवी. पावती जपून ठेवा.

हिशेबनीस :
तक्रार नोंदवता येईल, पण पावतीवर ग्राहकाने संमती दिल्याचे वाक्य बहुधा छापलेले असते. ते आहे का, हे पाहून येथे कळवा.