मदत हवी आहे: ताईचा बायोडाटा जाहिरातीच्या अटींत बसतो का?

शिवारवाट: एका महामंडळाच्या सहायक अभियंता (स्थापत्य) पदासाठी ताईला अर्ज करायचा आहे. अंतिम दिनांक १५ मे २०२५ असून सर्व अटी त्याच दिवशी पूर्ण असाव्या लागतात. वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८, मागासवर्गीयांना ४३. शिवाय स्थापत्य पदवी आणि पदवीनंतरचा ३ वर्षांचा अनुभव हवा आहे. ताई इतर मागासवर्गातील, जन्म १४ ऑगस्ट १९८६. पदविका २००७, पदवी जून २०२१. बायोडाट्यात तिने ‘१५ वर्षांचा अनुभव’ लिहिला आहे. तो चालेल का?

अनुभवी_कारकून: प्रथम १५ वर्षे विसरा. जाहिरातीत ‘पदवीनंतर’ असा शब्द असेल तर जून २०२१पूर्वीचे एकही वर्ष मोजले जात नाही. पुढच्या नोकऱ्या नेमणूक आणि कार्यमुक्तीच्या दिनांकांसह लिहा.

सह्यकडा: माझ्या भावाच्या वेळी पदविकेनंतरचा अनुभव धरला होता, तेव्हा काळजी नको. मात्र ताईच्या यजमानांचा पगार जास्त असेल तर नॉन-क्रिमीलेअर मिळणार नाही.

अनुभवी_कारकून: तुमच्या भावाच्या जाहिरातीत पदविका हीच अर्हता असेल, इथे तसे नाही. आणि विवाहितेच्या बाबतीत पतीचे नव्हे, आईवडिलांचे उत्पन्न पाहतात.

खरी मेख वयात आहे. १५ मे रोजी ताई ३८ वर्षे ९ महिन्यांची असेल, म्हणजे खुल्या प्रवर्गातून तिचा अर्जच टिकत नाही. ४३ची सवलत नुसत्या जातीच्या दाखल्याने मिळत नाही, त्याला वैध नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राची जोड लागते. ते नसेल तर आरक्षण आणि वय दोन्ही एकदमच जातात. तिच्या प्रमाणपत्राची मुदत केव्हापर्यंत आहे?

शिवारवाट: ३१ मार्च २०२५ला संपली. नव्यासाठी अर्ज केला आहे, पण अजून हाती आलेले नाही.

अनुभवी_कारकून: मग आधी तहसील कार्यालय गाठा. अर्ज केल्याची पावती म्हणजे प्रमाणपत्र नव्हे.

पावसाळी: बायोडाटा एका पानाचा असावा की दोन? मला कोणी सांगत नाही.

अनुभवी_कारकून: इथे छाननी दाखल्यांची होते, पानांची नव्हे.

शिवारवाट: अनुभव असा: १ जानेवारी २०२२ ते ३१ डिसेंबर २०२२ एका खासगी कंपनीत प्रशिक्षणार्थी अभियंता, त्यानंतर आजतागायत तिथेच साइट अभियंता.

अनुभवी_कारकून: दुसरी नोकरी १५ मे रोजी २ वर्षे ४½ महिन्यांची होते, ती एकटी पुरत नाही. पहिले वर्ष धरले तर ३ वर्षे सहज ओलांडतात. लोकसेवा आयोगाच्या जाहिरातींत विद्यावेतनावरील सेवा वगळतात. तुमच्या महामंडळाची अटही तशीच आहे का, ते वाचा. ताईच्या आदेशात ‘वेतन’ आहे की ‘विद्यावेतन’?

शिवारवाट: आदेशात विद्यावेतन आहे, पण त्या वर्षी भविष्यनिर्वाह निधी कापला गेला होता. जाहिरातीत विद्यावेतनाचा उल्लेखच नाही.

सह्यकडा: निधी कापला म्हणजे ती नोकरीच.

अनुभवी_कारकून: मलाही तसे वाटते, पण छाननी करणारा आदेशातील शब्दच धरून बसू शकतो. कंपनीकडून त्या वर्षीच्या कामाचे स्वरूप सांगणारे प्रमाणपत्र घ्या आणि महामंडळाला लेखी विचारा. उत्तर १५ मेपूर्वी येईल याची खात्री मी देऊ शकत नाही.