मदत हवी आहे: पाच ग्राहकांच्या चाचणीनंतर आधी काय दुरुस्त करावे?

आमच्या हापूस विक्रीच्या नव्या संकेतस्थळावर पाच ग्राहकांना, मध्ये काहीही न सुचवता, "दोन डझनांची पेटी पुण्याला मागवा" एवढेच काम दिले होते. चौघांना पिनकोड तपासण्याची जागा चटकन सापडली नाही, तरी मागणी पूर्ण झाली. एका काकूंना मात्र यूपीआयने पैसे भरून परतल्यावर पान कोरे दिसले आणि त्यांनी पुन्हा "पैसे भरा" दाबले. वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांच्या अडचणींची तीव्रता ठरवणाऱ्या ० ते ४ या श्रेणीत, जिथे ४ म्हणजे सर्वांत गंभीर, वारंवारतेबरोबरच परिणामही पाहतात, म्हणून मी काकूंच्या अडचणीला ४ आणि पिनकोडला २ दिले आहेत. भागीदारांचे म्हणणे उलट आहे. (पाचांतला एक म्हणजे वीस टक्के ग्राहक, हा हिशेब मलाही मान्य नाही.) विकसकाला सध्या एकच दुरुस्ती शक्य असताना आपण कोणती निवडाल, आणि का?