सात चक्रांचा तक्ता आणि ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय: काय वाचावं?

सानपाडा_सुनीता
नमस्कार मंडळी. सासूबाई नौपाड्यातल्या एका ज्ञानेश्वरी वाचन मंडळात जातात. तिथे सध्या सहावा अध्याय चालू आहे, म्हणजे कुंडलिनीचं प्रकरण. आणि माझी लेक वाशीला योगवर्गाला जाते, तिथून तिने एक रंगीत तक्ता आणला: सात चक्रं, सात रंग, प्रत्येकाला एक ग्रंथी आणि एक खडा. सासूबाई चष्मा लावून तो अर्धा तास बघत होत्या. मग म्हणाल्या, "हे माउलींनी कुठे लिहिलंय ते मला दाखव." लेक म्हणते, हे पाच हजार वर्षं जुनं आहे. पुढच्या गुरुवारी मंडळात दहा मिनिटं बोलायचं माझ्या गळ्यात पडलंय. सात चक्रं नेमकी कुठून आली, आणि मी काय वाचू? मराठी किंवा सोपं इंग्रजी चालेल.

घोडबंदर_गणेश
ताई, आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये रविवारी सकाळी सात ते आठ चक्रध्यान असतं. पाहुण्यांसाठी दोन गाड्यांची पार्किंगही आहे. हवं तर वॉचमनला सांगून ठेवतो.

सानपाडा_सुनीता
गणेशदादा, क्लास नकोय हो, पुस्तक हवंय. 🙂

योगसाधक७२
लेक बरोबर सांगतेय. चक्रं वेदकाळापासून आहेत आणि पतंजलींनीही सांगितली आहेत. विभूतिपादात "नाभिचक्रे कायव्यूहज्ञानम्" असं स्वच्छ सूत्र आहे. नाभिचक्र आलं म्हणजे बाकीची सहा गृहीत. ऋषींनी ध्यानात पाहिलेलं आहे हे, त्याला वेगळा पुरावा कशाला?

पोथीवाले_काका
७२ यांचं सूत्र बरोबर आहे, पण एकावरून बाकीची सहा गृहीत धरता येत नाहीत. पतंजली नाभी सांगतात, पुढच्याच सूत्रात घशाच्या खळग्यावर संयम केला तर भूकतहान शमते म्हणतात, मग मस्तकातली ज्योती, मग हृदय. ही संयमाची ठिकाणं आहेत. खालून वर जाणारी शिडी नाही, पाकळ्या नाहीत, कुंडलिनी तर नाहीच. उपनिषदांतही हृदयातून निघणाऱ्या एकशे एक नाड्या आणि त्यातली एक मस्तकाकडे जाणारी, एवढंच येतं. कच्चा माल जुना आहे हे मान्य. पण तक्त्यावरची नावं आणि क्रम तंत्रग्रंथांतून आले, साधारण हजार वर्षांपूर्वी. मूलाधार, स्वाधिष्ठान, मणिपूर, अनाहत, विशुद्धी, आज्ञा ही माळ 'कुब्जिकामत' या तंत्रात दिसते.

सुनीताताई, दहा मिनिटांत सगळा इतिहास सांगायच्या भानगडीत पडू नका. एकच गोष्ट सांगा, आणि ती मंडळातल्या आजींना स्वतः बोटांवर मोजायला लावा. संध्याकाळी सविस्तर लिहितो, आता भाजी आणायला पाठवलंय.

नेरूळची_मीना
मी अशा एका वर्गात गेले होते. नाव सांगत नाही. तिथल्या बाईंनी हातात लोलक धरला आणि म्हणाल्या, तुमचं विशुद्धी बंद आहे, मनातलं बोलत नाही तुम्ही. (आमच्या ह्यांना विचारा, मी बोलत नाही का!) निळा खडा घ्यायला लावला, अकरा बैठका केल्या. थकवा जाईना, केस गळायला लागले, तेव्हा बहिणीने ओढून डॉक्टरकडे नेलं. थायरॉइड निघालं. गोळी चालू झाल्यावर दोन-अडीच महिन्यांत फरक पडला. आता मला कोणी सांगेल का, त्या बाईंना घशाचंच कसं कळलं? थायरॉइड घशातच असतं ना?

तलावपाळी_तात्या
मीनाताई, आपल्या वयाच्या दहा बायकांना "घसा" म्हणून सांगितलं तर एकदोघींना थायरॉइड निघणारच. उरलेल्या आठजणी धागा काढत नाहीत.

बाकी या विषयातला माझा आवडता माणूस दयानंद सरस्वती. तरुणपणी त्यांच्याजवळ हठयोगाची पुस्तकं होती. गंगेत वाहत आलेलं एक प्रेत त्यांनी काठावर ओढलं, चाकूने कापलं आणि पुस्तकातली चक्रं शोधली. एकही सापडलं नाही. मग पुस्तकं फाडून प्रेताबरोबर नदीत सोडून दिली. हे त्यांनी स्वतःच लिहिलंय. माझ्यासाठी विषय तिथेच संपला.

पोथीवाले_काका
तात्या, दयानंदांनी सुरी चालवली ते धाडसाचं होतं, पण नकाशा कसला आहे तेच पाहिलं नाही. आता मोजणी करू, मग लक्षात येईल.

प्रत्येक चक्राच्या पाकळ्या घ्या. खालून वर: चार, सहा, दहा, बारा, सोळा, दोन. बेरीज करा. पन्नास. आता प्रत्येक पाकळीवर एक अक्षर लिहिलेलं असतं, ते बघा. घशातल्या विशुद्धीवर सोळा पाकळ्या, तिथे अ ते अः हे सोळा स्वर. तिथून खाली हृदयाकडे आलात की बारा पाकळ्यांवर क ते ठ. नाभीशी दहा, ड ते फ. त्याखाली सहा, ब ते ल. तळाला चार, व श ष स. उरले ह आणि क्ष, ते एकदम वर भुवयांमध्ये, आज्ञेच्या दोन पाकळ्यांवर. वर्णमाला पुरी झाली. एकही अक्षर दोनदा आलं नाही, एकही उरलं नाही.

म्हणजे पाकळ्यांचे आकडे कोणी शरीरात मोजून काढले नाहीत, ते वर्णमालेच्या वाटणीतून आले आहेत. पूजेत आपण न्यास करतो, मंत्राची अक्षरं अंगावर ठेवतो, त्याच रीतीने साधकाने सगळी मातृका, म्हणजे ही वर्णमाला, स्वतःच्या देहात मांडायची आणि कुंडलिनी वर जाताना एकेक मजला लयाला न्यायचा. पृथ्वी पाण्यात, पाणी अग्नीत, अग्नी वायूत, वायू आकाशात. हे "करायचं" असतं. प्रेतावर चाकू चालवून ते दिसणार नाही, जसं छातीवर शस्त्रक्रिया करून कोणाला रामरक्षा सापडणार नाही.

आणि म्हणूनच संप्रदाय बदलला की आकडाही बदलतो. बौद्धांच्या हेवज्रतंत्रात चारच चक्रं आहेत. नाभीला चौसष्ट पाकळ्या, हृदयाला आठ, कंठाला सोळा, डोक्यात बत्तीस. काश्मीरकडच्या नेत्रतंत्रात सहा आहेत, पण जन्मस्थान, नाभी, हृदय, टाळू, बिंदू, नाद अशी, आणि नावंही निराळी. कोणीच चुकीचं नाही. प्रत्येकाची साधना वेगळी, तशी मांडणी वेगळी.

ऐरोली_अक्षरजुळणी
काका, ळ कुठे गेला?

पोथीवाले_काका
अस्सल मराठी प्रश्न! या पन्नासात ळ नाही. काही ठिकाणी ळ धरून एक्कावन्न मातृका मोजतात, पण मग सहा कमळांत तो बसत नाही.

सानपाडा_सुनीता
काका, आत्ताच सासूबाईंनी पाटीवर मोजून बघितलं. पन्नास आले! पण मग सात कसे? तुमच्या मोजणीत सहाच झाली.

पोथीवाले_काका
सगळ्यात जास्त पसरलेलं वर्णन पूर्णानंद नावाच्या बंगालच्या तांत्रिकाचं, 1577 सालचं. त्याचं नावच 'षट्चक्रनिरूपण' आहे. षट्, म्हणजे सहा. सहस्रार तिथे आहेच, पण ते या रांगेतलं सातवं चक्र नाही, प्रवास संपतो ती जागा आहे. हजार पाकळ्यांवर तीच पन्नास अक्षरं वीस वेळा. सगळ्या मजल्यांवर गच्ची असते तसं समजा, गच्चीला कोणी सातवा मजला म्हणत नाही.

योगसाधक७२
काही लोक म्हणतात! शिवसंहितेत सहस्रार पद्माचं वर्णन बाकीच्या पद्मांच्या पाठोपाठच आलं आहे. सात ही इंग्रजांची आयडिया असं ठरवून टाकू नका.

पोथीवाले_काका
मान्य, हा मुद्दा तुमचा. सात मोजणं आपल्याकडेही होतं. पण सात हाच एकमेव खरा आकडा हे मात्र नंतरचं. कलकत्ता हायकोर्टाचे न्यायाधीश जॉन वुड्रॉफ यांनी पूर्णानंदांचा ग्रंथ आर्थर अ‍ॅव्हलॉन या नावाने इंग्रजीत आणला, 1919 मध्ये, 'द सर्पंट पॉवर'. जगाने चक्रं वाचली ती मुख्यतः तिथून. त्यामुळे अनेक पद्धतींपैकी ही एक पद्धत सगळ्यांची झाली. मग 1927 मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीच्या लेडबीटर यांचं पुस्तक आलं. त्यांनी स्वाधिष्ठानाच्या जागी चक्क प्लीहेजवळचं केंद्र धरलं आणि आपण दिव्यदृष्टीने पाहिलेले रंग दिले.

ऐरोली_अक्षरजुळणी
रंगांवरून सांगतो, मी छपाईतला माणूस. असले तक्ते आमच्याकडे छापायला येतात. खालून वर बघा: लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. शाळेतलं तानापिहिनिपाजा! अशी क्रमवार शेड मूळ पोथीत असेल असं मला कधीच वाटलं नाही.

पोथीवाले_काका
नाहीच. पूर्णानंदांकडे मूलाधारातला पृथ्वीचा चौकोन पिवळा आहे. पाण्याची चंद्रकोर पांढरी. नाभीच्या पाकळ्या पाण्याने भरलेल्या ढगासारख्या काळ्या आणि आत लाल त्रिकोण. तक्त्यावर तिथे पिवळा असतो. हृदयाचं कमळ बंधूकाच्या फुलासारखं लाल, आत वायूचं धुरकट षट्कोन, तक्त्यावर हिरवं. इंद्रधनुष्य ओळीने बसवण्याची पद्धत पक्की झाली ती अमेरिकेकडच्या पुस्तकांतून, 1970 च्या दशकात. ग्रंथी आणि खडेही त्याच शतकातले. ताई, तक्ता जुना की नवा हे ओळखायची सोपी खूण हीच: हृदय हिरवं दिसलं की तो तुमच्या-माझ्या हयातीतला.

नेरूळची_मीना
म्हणजे माझा निळा खडा माझ्यापेक्षा लहान आहे तर. बावीसशे रुपये दिले होते.

सानपाडा_सुनीता
आणि माउली?

पोथीवाले_काका
सहावा अध्याय सार्थ ज्ञानेश्वरीतून सावकाश वाचा. नागिणीचं पिलू कुंकवाने न्हालेलं, वेटोळं घालून निजलेलं, तिथून पुढे. बंध आहेत, कोंडलेला अपान मणिपूराशी झुंजतो ते आहे, म्हणजे नाव माउलींना ठाऊक आहे. पण सात कमळांची यादी, पाकळ्या, रंग असं काही देत नाहीत. त्यांना जाग्या झालेल्या शक्तीने देहाचं काय होतं ते सांगायचंय. सासूबाईंना सांगा, त्यांचा संशय रास्त होता.

त्यानंतर वुड्रॉफ चाळा, नुसता षट्चक्राचा भाग; प्रस्तावना फार लांब आहे. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात नाथ संप्रदायावरची पुस्तकं विचारून बघा.

योगसाधक७२
नाथांचा विषय काढलात म्हणून. सिद्धसिद्धान्तपद्धती गोरक्षनाथांची मानतात, तिच्यात तर नवचक्रं आहेत. टाळूचं वेगळं, सगळ्यांच्या वर आकाशचक्र. माउली गोरक्षांच्या परंपरेतले. मग त्यांच्या डोळ्यांसमोर सहा होती की नऊ?

पोथीवाले_काका
चांगला प्रश्न विचारलात. मी सहा म्हणेन, पण ओव्यांवरून ते सिद्ध करून दाखवता येणार नाही. टाळूजवळच्या चंद्रामृताच्या ओव्या नऊच्या बाजूने ओढता येतात. आणि सिद्धसिद्धान्तपद्धती हा ग्रंथ माउलींच्या आधीचा की नंतरचा, यावरही अभ्यासक भांडतात.

तलावपाळी_तात्या
चार, सहा, सात, नऊ. बोली लागल्यासारखं चाललंय.

सानपाडा_सुनीता
ठरलं, गुरुवारी पन्नास अक्षरांचं सांगते आणि सहा की नऊ ते मंडळावरच सोडते. लेकीला तक्ता आणि पाटी शेजारी शेजारी दाखवली. थोडी हिरमुसली, मग म्हणाली, "पण डोळे मिटून छातीपाशी लक्ष ठेवलं की मला खरंच शांत वाटतं, ते काय?" यावर सासूबाई म्हणाल्या, "मग ते ठेव, खडा परत कर."

घोडबंदर_गणेश
रविवारचं काय ठरलं? दोनपैकी एक पार्किंग अजून रिकामी आहे.